मदत हवी आहे: चिनीतलं 'गाओशिंग' दोन तऱ्हांनी दुप्पट कसं होतं?

शलाका_नाशिक: 'गाओशिंग' म्हणजे आनंदी. धड्यात मुलं 'गाओगाओशिंगशिंग' घरी जातात. पुढच्या पानावर आजीसाठी वाक्य आहे, 'रांग नायनाय गाओशिंग गाओशिंग', म्हणजे आजीला जरा खूश करूया. शब्द तोच, मग एकदा अक्षरं सुटी दुप्पट आणि एकदा अख्खा शब्द दोनदा, असं का?

खडूफळा: सोपंय. क्रियापद असेल तर कखकख, विशेषण असेल तर ककखख. दोनदा म्हटलं की जोर वाढतो, आपल्या 'लाललाल'सारखा.

बांबू_वन: साचा बराचसा बरोबर, पण जोराचं क्रियापदाला लागू नाही. तिथे उलट जोर उतरतो. 'खान' म्हणजे बघणं, 'खानखान' म्हणजे जरा नजर टाकणं. 'छांगछांग' म्हणजे चाखून बघ. म्हणून विनंती मऊ होते. आणि काम आत्ता चालू असेल तर असं दुप्पट करत नाहीत. 'मी बघतोय' म्हणताना 'खानखान' चुकेल, तिथे नुसतं 'खान'.

शलाका, खोलीचं उदाहरण घे. 'दासाओ' म्हणजे झाडलोट. 'दासाओ दासाओ फांगज्येन', खोली जरा आवरूया. आवरून झाल्यावर 'दासाओ द गानगानजिंगजिंग', म्हणजे अशी आवरली की लख्ख झाली. 'गानजिंग' म्हणजे नुसतं स्वच्छ; दुप्पट केलं की चित्र उभं राहतं. त्याच्याआधी 'हन' (खूप) लावू नकोस, ती मात्रा आतच आलेली असते. तुझ्या आजीच्या वाक्यात 'गाओशिंग' क्रियापदाचं काम करतंय, म्हणून त्याने क्रियापदाची चाल धरली.

निर्यातवाला: आमचा तिकडचा सप्लायर दर विचारला की 'वो खानखान' लिहितो. म्हणजे बघून सांगतो, की टाळतोय? चार दिवस उलटले.

बांबू_वन: दोन्ही असू शकतं, आपल्या 'बघू'सारखंच. सरळ तारीख विचारा.

खडूफळा: मग 'सानबू'चं (फिरायला जाणं) 'सानबू सानबू' होईल ना?

बांबू_वन: नाही, 'सानसानबू'. त्यात 'सान' क्रियापद आणि 'बू' म्हणजे पावलं, ते कर्मासारखं. दुप्पट फक्त क्रियापद होतं. विशेषणातही तुझा नियम गळतो: 'शुएबाय' म्हणजे बर्फासारखं पांढरं, त्याचं 'शुएबाय शुएबाय' होतं. ज्यात उपमा आधीच बसलेली असते, त्या शब्दांची चाल अशी.

शलाका_नाशिक: आजीचं कळलं. पण 'प्याओल्यांग'चं (सुंदर) 'प्याओप्याओल्यांगल्यांग' चालतं, मग 'मेइली'चंही चालेल ना? तेही सुंदरच.

बांबू_वन: 'मेइमेइलीली' कोणी म्हणत नाही. 'मेइली' पुस्तकी आहे, 'प्याओल्यांग' रोजच्या बोलण्यातलं, एवढं कारण मला पटतं. पण सगळ्या शब्दांना लागेल असा नियम मला सापडलेला नाही.

निर्यातवाला: तारीख विचारली. उत्तर आलं, 'झाय खानखान बा', म्हणजे परत बघू. आता?