मदत हवी आहे : बिअरने मुतखडा पडतो की वाढतो? (आणि बीपीचा घोळ)

अकोल्याचा_बापू

नमस्कार मंडळी. वय ४१, फिरतीची नोकरी. मागच्या मंगळवारी पहाटे चारला डाव्या कुशीत अशी कळ उठली की गडाबडा लोळलो. इंजेक्शनने थांबली. सोनोग्राफीत डावीकडे ६ मिमीचा खडा निघाला. मूत्राशयाच्या थोडा अलीकडे अडकलाय आणि त्या बाजूच्या किडनीला जराशी सूज आहे. उजवी ठीक. क्रिएटिनिन १.५, युरिक ॲसिड ८.४. बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे, टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध एकत्र असलेली.

आता खरं सांगतो. आठवड्यातून चार दिवस बसणं होतं. ६५० मिलीच्या दोन स्ट्राँग बाटल्या, सोबत खारे शेंगदाणे आणि शेव. साडू म्हणतो, बिअर सोडू नको, तीच खडा ढकलून बाहेर काढते. डॉक्टरांना विचारणार होतो, पण शेजारी बायको बसलेली.

दुसरं म्हणजे घरच्या मशीनवर रात्री साडेदहाला मोजलं की बीपी १२८/८० येतं. ओपीडीत सकाळी १५४/९८ आलं. मशीन बिघडलंय का?

खान्देशी_मामा

साडू बरोबर बोलतो. मला २०१९ ला ४ मिमीचा होता. दोन दिवस बिअर प्यायलो, तिसऱ्या दिवशी टुणकन पडला. जितकी लघवी जास्त तितकी नळी साफ. साधा हिशोब आहे.

सुलभा_ना

भाऊ, आमच्या ह्यांना दारूने लिव्हरचा त्रास झाला होता. तेव्हा ऊस आणि मुळ्याचा रस दिला. तुम्ही लिव्हरच्या टेस्ट करून घ्या आधी. आणि कुळथाचं कढण चालू करा.

अकोल्याचा_बापू

ताई, लिव्हर नाही हो, किडनीचं विचारतोय. कढण मात्र आईने कालच सुरू केलंय.

रात्रपाळी

किडनी विभागात काम करतो. तुमचे रिपोर्ट हातात नाहीत, म्हणून इलाज तुमच्याच डॉक्टरांचा, मी फक्त उलगडून सांगतो.

मामा, ४ मिमीचा खडा बहुतेकदा आपोआपच पडतो. तुम्ही तेव्हा ताक प्यायला असतात तर श्रेय ताकाला गेलं असतं. लघवी वाढते हे मात्र खरंय, पण किती वेळ ते बघा. मेंदू एक संप्रेरक सोडतो, ते किडनीला सांगतं की पाणी परत ओढून घे. दारू ते संप्रेरक दाबते. म्हणून बिअर पिताना आणि पुढचे दोन-तीन तास माणूस सारखा उठतो. स्ट्राँगच्या दोन बाटल्यांत साधारण ८० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, आणि पोटात गेलेल्या पाण्याचा बराचसा भाग, कधी त्याहून जास्त, तसाच बाहेर पडतो.

मग बापू झोपतात. मे महिना, अकोला, पंख्याखाली घाम, आणि सकाळपर्यंत पाण्याचा घोट नाही. दारूचा अंमल उतरला की तेच संप्रेरक जोरात परत येतं आणि किडनी थेंब थेंब वाचवायला लागते. पहाटेची लघवी बिनदुधाच्या चहासारखी होते. क्षार धरतात ते या वेळी, रात्री अकराला नाही. त्यात बिअरमुळे युरिक ॲसिड वाढतं, आणि दारू पचताना शरीरात जे तयार होतं ते युरिक ॲसिड बाहेर टाकण्याच्या आड येतं. लघवी आंबट असेल तर त्याचेच खडे होतात. खाऱ्या चखण्याने लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं, तो वेगळा हातभार.

तुमचा खडा कशाचा आहे ते ठाऊक नाही. पडला तर फेकू नका, चहाच्या गाळणीत धरा आणि तपासायला द्या. युरिक ॲसिडचा निघाला तर औषधाने लघवीचा आंबटपणा कमी करून पुढचे टाळता येतात. कॅल्शियमचा खडा मात्र त्याने विरघळत नाही.

दुबईकर_पंत

पण मी वाचलंय की बिअर पिणाऱ्यांत मुतखडे कमी आढळतात. परदेशात मोठमोठे अभ्यास झालेत. मग? आणि बिअर सोडून व्हिस्की घेतली तर?

रात्रपाळी

पंत, तसे अभ्यास आहेत, नाकारत नाही. पण ती माणसं वर्षानुवर्षं थोडी थोडी घेणारी, आणि त्यांचं बाकीचं पाणी, जेवण, हवा निराळी. त्यांना फायदा बिअरचा झाला की नुसत्या द्रवाचा, यावर आमच्यातच वाद आहे. एका बैठकीत १३०० मिली स्ट्राँग रिचवणाऱ्याला तो निष्कर्ष लावता येत नाही. व्हिस्कीत बिअरमधले युरिक ॲसिड वाढवणारे घटक नसतात, पण एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं आणि सोबत पाणी नावाला.

आता बीपी. बापू, मशीन ठीक असावं. दारूने पहिले काही तास रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चढतं. तुम्ही नेमकं उताराच्या वेळी मोजून खूश होताय. सात दिवस सकाळी, गोळी घेण्याआधी, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. नियमित पिणाऱ्याने प्रमाण कमी केलं की दोन ते चार आठवड्यांत बीपी खाली येताना दिसतं. पण सकाळी हात थरथरत असतील तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा.

मला खरी काळजी क्रिएटिनिन १.५ ची वाटते, किडनी किती गाळतेय ते त्यावरून कळतं. एकाच बाजूला खडा आणि दुसरी किडनी ठणठणीत असेल तर क्रिएटिनिन सहसा एवढं चढत नाही. कळ थांबवायला काय घेतलंत?

अकोल्याचा_बापू

मेडिकलवाल्याने डायक्लोफिनॅक दिलं होतं. कळ यायच्या आधीपासून कंबर दुखायची म्हणून आठवडाभर दिवसातून दोन घेत होतो. बीपीची गोळी चालूच होती. आणि हो, बसणंही.

रात्रपाळी

इथेच घोळ आहे. लघवीची गोळी पाणी काढते, टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतं आणि डायक्लोफिनॅक तिचा रक्तपुरवठा आवळतं. शरीर भरलेलं असेल तर निभावतं. बिअर पिऊन वाळलेल्या माणसात तिन्ही एकत्र आली की धडधाकट किडनीही बसू शकते. माझा अंदाज आहे, खात्री नाही. ही चारही नावं, बिअरसकट, उद्याच डॉक्टरांना सांगा. बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, वेदनाशामक मात्र त्यांना विचारेपर्यंत घेऊ नका. आठवड्याने क्रिएटिनिन परत करा. ताप, थंडी किंवा लघवी बंद झाली तर थांबू नका, रात्रीच निघा.

खान्देशी_मामा

मीपण कंबरेला तेच घेतो, बीपीही आहे. मला कोणी सांगितलं नाही हे.

सुलभा_ना

मग कढण चालेल की नाही?

रात्रपाळी

ताई, कढणाने खडा विरघळतो असं मी म्हणणार नाही. पातळ करा, मीठ कमी टाका, तेवढंच पाणी पोटात जाईल. मामा, तुमचं क्रिएटिनिन शेवटचं कधी केलं?

अकोल्याचा_बापू (दहा दिवसांनी)

बायकोला बाहेर बसवून डॉक्टरांना सगळं सांगितलं. वेदनाशामक बंद, बीपीची गोळी बदलली. क्रिएटिनिन १.२ आलं. सकाळचं बीपी अजून १४६/९४ च्या आसपास आहे, बैठक बंद होऊन नऊ दिवस झाले. दिवसभरात अडीच लिटर लघवी व्हायला हवी म्हणाले, म्हणून जुन्या बिसलेरीच्या बाटलीत मोजतो. पहिल्या दिवशी ११०० मिलीच भरली. काल २२०० झाली.

खडा अजून पडलेला नाही. १५ तारखेला परत सोनोग्राफी आहे, नाहीच हलला तर दुर्बिणीने काढायचं म्हणतात. ज्यांचं तसं झालंय त्यांनी सांगा, आत जी नळी ठेवतात तिचा त्रास किती दिवस होतो? साडूने फोन उचलणं बंद केलंय.