शुगर-फ्री लाडू खाऊन बाबाले जुलाब लागले, थांबून नाही राह्यले. काय देऊ?

पऱ्हाटीवाला (दुपारी ३:०५)
अर्जंट आहे. बाबाले शुगर आहे, म्हणून पुण्याच्या भावानं बिनसाखरेची साखर पाठवली. आईनं तिचे बेसनाचे लाडू केले. बाबानं काल रात्री दोन अन् आज सकाळी दोन खाल्ले. सकाळपासून पाच वेळा वावरात जाऊन आले, पोटात नुसता गुडगुडाट. कोणतं औषध देऊ? गावात दवाखाना नाही, हिंगणघाटले जा लागते.
मोत्यानंही दीड वाजता दोन खाल्ले, तो तर उलटी करून गप पडला. म्हणजे लाडूच खराब झाले का?

तुरीचीडाळ (३:११)
बेसन कच्चं राह्यलं असन भाऊ. मंद आचेवर लाल होईस्तोवर भाजा लागते. आमच्या आईची पद्धत पाह्यजे असन तर सांगतो.

जुना_मास्तर (३:१४)
शुगरवाल्यांनी लाडू खाऊच नये. जांभळाच्या बियांची पूड सकाळी अनशापोटी घ्या. मी सहा वर्षे घेतोय.

गोठ्यातला_डॉक्टर (३:१६)
बाबांचं नंतर बघू. मोत्या कुत्रा आहे ना? डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. वजन किती? आत्ता चालतो का?

पऱ्हाटीवाला (३:२१)
हो, कुत्रा. डब्यावर "Xylitol" लिहून आहे, मागे INS 967. कुत्र्याचं एवढं काय? तो तर मेलेलं वासरूही पचवते. उठला, पण दारूवाल्यासारखा झुलून राह्यला.

गोठ्यातला_डॉक्टर (३:२४)
झायलिटॉल माणसाला साधं, कुत्र्याला विष. माणसाचं स्वादुपिंड त्याच्याकडे फारसं लक्षच देत नाही. कुत्र्याचं मात्र खरी साखर आली समजून भसाभस इन्सुलिन सोडतं, आणि रक्तातली साखर पार तळाला जाते. झुलणं त्याचंच. पुढे झटके येतात.
आत्ता मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागून फुफ्फुसात जाईल. आणि १९६२ ला फोन लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक जवळ असेल तर येईल. लाडू किती आणि झायलिटॉल किती, हे आईला विचारा.

खामगावची_सून (३:२७)
मिठाचं पाणी पाजून उलटी करवा, विष बाहेर पडेल. आणि कोळशाची पूड द्या, विषावर कोळसा चालतोच. सगळ्याच शुगर-फ्री वस्तू कुत्र्याला मारतात, सॉर्बिटॉलसुद्धा.

गोठ्यातला_डॉक्टर (३:३०)
ताई, उलटी करवायची ती कुत्रा पूर्ण शुद्धीत असताना, खाल्ल्याबरोबर आणि डॉक्टरच्या हातून. हा झुलतोय, आता नाही. मिठानं तर कधीच नाही, रक्तातलं सोडियम वाढून त्यानंच कुत्री जातात. कोळसा झायलिटॉलला नीट धरत नाही. आणि सॉर्बिटॉलनं कुत्र्याला फार तर हगवण लागते, इन्सुलिनचा हा प्रकार नाही. दोन्ही एकाच जातीचे, पण गुण वेगळे.

खामगावची_सून (३:३२)
आमच्या मोहल्ल्यातला कुत्रा मिठाच्या पाण्यानंच वाचला होता. पुस्तकातलं वेगळं असतं डॉक्टरसाहेब.

पऱ्हाटीवाला (३:३८)
आई म्हणते पाव-पाव किलोचे दोन पुडे होते, दुसऱ्यातला थोडाच लागला... अंदाजे ३०० ग्राम गेलं. लाडू २४. मोत्या धान्याच्या काट्यावर १५ किलो. मध लावला. पथकाची गाडी दुसऱ्या गावात आहे, पण आमचे पशुधन पर्यवेक्षक निघाले.

गोठ्यातला_डॉक्टर (३:४३)
म्हणजे एका लाडवात साडेबारा ग्राम. किलोमागे दशांश ग्रामनं कुत्र्याची साखर उतरू शकते, मोत्यासाठी ते दीड ग्राम झालं. किलोमागे अर्ध्या ग्रामच्या पुढे यकृताला धोका, म्हणजे साडेसात ग्राम. एकाच लाडवानं त्यानं दोन्ही रेषा ओलांडल्या, दोन तर खाल्लेच.
बाबांचं साखर मोजायचं यंत्र घरी असेलच. कानाच्या कडेला केस बाजूला करून सुई टोचा, थेंब घ्या. माणसाचं यंत्र कुत्र्यात थोडं कमी दाखवतं, पण साठच्या खाली आलं तर पर्यवेक्षकांना फोनवरच सांगा. ते डेक्स्ट्रोज घेऊन येतील. २५ टक्क्यांचं असेल तर पातळ करून शिरेतून, तसंच सोडलं तर शीर जळते.

मेडिकलवाला (३:४७)
बाबांसाठी मी सांगतो. हे पदार्थ लहान आतड्यात पुरते शोषले जात नाहीत. उरलेले पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात जंतू ते आंबवतात, म्हणून गुडगुडाट. लाडू बंद केले की बहुतेकांचं एका दिवसात थांबतं. जुलाब दाबायची गोळी देऊ नका, ओआरएस द्या. पण शुगरची गोळी कोणती चालू आहे? मेटफॉर्मिन असेल तर तिनंही पोट सुटतं.

पऱ्हाटीवाला (३:५२)
मेटफॉर्मिनच. पण तीन वर्षांपासून चालू आहे, असं कधी झालं नाही. शुगरवाल्याले ओआरएस चालते का? त्यात साखर असते ना?
मोत्याची ४३ आली. सर गेटपाशी आहेत.

मेडिकलवाला (३:५५)
चालतं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, घोट-घोट. साखर मोजत राहा. उलट्या, चक्कर, रक्त किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका, हिंगणघाटला न्या.

तुरीचीडाळ (४:१०)
मी चहात एरिथ्रिटॉल टाकतो, मले कधी जुलाब नाही लागले. का बरं?

मेडिकलवाला (४:१३)
ते बहुतेक लहान आतड्यातूनच रक्तात जातं आणि लघवीतून निघतं, मोठ्या आतड्यापर्यंत कमीच पोचतं. पण हा धागा तुमच्या चहाचा नाही भाऊ.

पऱ्हाटीवाला (रात्री ९:२०)
सरांनी सलाईन लावली, बाहीचं चऱ्हाट करून खुंटीले टांगली. तासाभरात मोत्या उठला. आता साखर ९८. बाबाचे जुलाब कमी आहेत.
पण डब्यात १५ च लाडू उरले. चार बाबाचे, दोन मोत्याचे, बाकी तीन कुठं गेले? आईनं खाल्ले नाहीत. बाबाले दरडावून विचारलं तर म्हणाले, दोन मीच आणखी खाल्ले. अन् एक सकाळी वावरात मोत्याले दिला, "तो पाहून राह्यला होता म्हणून."

मेडिकलवाला (९:२६)
म्हणजे बाबांचे सहा, ७५ ग्राम. पोट सुटणारच. जाहिरातीत ही गोष्ट बारीक अक्षरात असते.

गोठ्यातला_डॉक्टर (९:३१)
आणि मोत्याचे तीन, साडेसदतीस ग्राम. किलोमागे अडीच. साखर चढली म्हणून सलाईन काढून मोकळे होऊ नका, पुन्हा उतरते. रात्रभर दोन-दोन तासांनी मोजा, थोडं-थोडं खायला द्या. यकृताचं दुखणं एक ते तीन दिवसांनी दिसतं. उद्या आणि परवा रक्त काढून एसजीपीटी करा. हिरड्या पिवळ्या झाल्या किंवा जेवण सोडलं तर थेट नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात.

जुना_मास्तर (९:४०)
कुत्र्याचं एसजीपीटी? आमच्या काळात कुत्र्याला भाकरी मिळाली तरी नशीब.

पऱ्हाटीवाला (दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६:१५)
हिंगणघाटच्या माणसांच्याच लॅबनं रक्त तपासलं. एसजीपीटी २१२ आली. सर म्हणतात जास्त आहे, पण एका आकड्यावरून सांगता येत नाही, उद्या परत काढू. जेवून राह्यला, हिरड्या गुलाबीच आहेत. नागपूरले नेऊ का थांबू?

गोठ्यातला_डॉक्टर (६:२२)
उद्याचा आकडा येऊ द्या. त्यात वाढ दिसली किंवा तो जेवला नाही, तर वाट न पाहता न्या. गाडी मात्र आजच सांगून ठेवा.

तुरीचीडाळ (६:३०)
उरलेल्या लाडवांचं काय केलं?

पऱ्हाटीवाला (६:३४)
आई उकिरड्यावर टाकून राह्यली होती, धावत जाऊन परत आणले. गावातले कुत्रे उकिरड्यावरच असतात. परसात खड्डा खणून पुरले, वरून दगड ठेवला.