पुटचा एक लॉट घेतला, तर पणाला नेमके किती पैसे लागतात?

म्हापशाहून, धागाकर्ता: शेअरचा भाव 1,425 रुपये आहे. त्याचा 1,400 चा पुट मी 22 रुपयांना घेतला. लॉट 500 चा आहे, त्यामुळे खात्यातून 11,000 रुपये गेले. शेअर माझ्याकडे नाहीत. माझी जोखीम 11,000 एवढीच धरावी, की 1,400 दराने 500 शेअरचे 7 लाख धरावी?

फोंडेकर: अकरा हजारच धरा. पुट घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क मिळतो, बंधन येत नाही, आणि म्हणून भरलेल्या प्रीमियमपेक्षा जास्त त्याचे काही जाऊ शकत नाही. सात लाखांचा आकडा पुट विकणाऱ्याने पाहायचा, कारण भाव 1,400 च्या खाली कोसळला तर दर रुपयामागे त्याचे 500 रुपये जातात. विकत घेणाऱ्याला तो आकडा दाखवून घाबरवण्यात अर्थ नाही.

डिचोलीकर बाय: फोंडेकरबाब, तुमचे म्हणणे निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या ऑप्शनला लागू पडते, कारण तिथे शेवटी फक्त फरकाची रक्कम रोखीने मिळते. शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र 2019 पासून सौदा प्रत्यक्ष शेअरच्या देवघेवीने पुरा होतो. समजा, एक्स्पायरीला, म्हणजे पुटची मुदत संपते त्या दिवशी, भाव 1,394 वर बंद झाला. तुमच्या हिशेबाने पुटचे 6 रुपये दराने 3,000 रुपये मिळाले आणि 8,000 गेले, एवढ्यावर विषय संपला. पण पुट पैशात, म्हणजे भाव 1,400 च्या खाली, असल्याने तो आपोआप वापरला जातो आणि धागाकर्त्याने 1,400 रुपये दराने 500 शेअर देणे लागते. खात्यात शेअर नसतील तर ते लिलावातून आणले जातात. दरम्यान एखादी चांगली बातमी येऊन लिलावाचा भाव 1,450 झाला, तर शेअर 7,25,000 ला येतात आणि सौद्याचे हातात येतात 7,00,000. हे 25,000 आणि आधीचे 11,000 मिळून 36,000 होतात, आणि दंड व शुल्क वेगळे. लिलावातही शेअर मिळाले नाहीत, तर हिशेब बाजारभावाहून बराच वरच्या दराने मिटवला जाऊ शकतो.

याची चाहूल आधी लागते. पुट पैशात असेल, तर एक्स्पायरीपूर्वीच्या शेवटच्या चार दिवसांत घेणाऱ्याच्या खात्यावरही डिलिव्हरीचे मार्जिन टप्प्याटप्प्याने लागू लागते. त्या दिवसांत फक्त प्रीमियमचा रकाना पाहत राहणारा माणूस फसतो. शेअर द्यायचे नसतील, तर पुट त्याआधी विकून मोकळे व्हावे.

वास्कोचा तारवटी: मी जहाजावर असताना अमेरिकेतले ऑप्शन करतो. तिथे पडद्यावर 2.20 दिसले की 100 ने गुणायचे, म्हणजे 220 डॉलर. गुणक ठरलेला असतो. इथेही 100 च धरावा ना? 500 कुठून आला?

डिचोलीकर बाय: नाही. इथे प्रत्येक शेअरचा लॉट वेगळा असतो, एक्स्चेंज तो वेळोवेळी बदलते, आणि म्हणून जुन्या सवयीने गुणाकार करणे धोक्याचे आहे. कंपनीने एकास एक बोनस दिला, तर 500 चा लॉट 1,000 होतो आणि 1,400 ची स्ट्राइक 700 होते. एकूण रक्कम तीच राहते. फक्त लॉट दुप्पट झालेला पाहून जोखीमही दुप्पट झाली असे समजू नये.

फोंडेकर: डिलिव्हरीचा मुद्दा मान्य. तरीही एक्स्पायरीच्या आठवड्याआधी विकणार असलेल्याला सात लाख धरायला सांगणे मला पटत नाही. तसे धरले, तर छोट्या गुंतवणूकदाराने पुट घेऊच नये असा अर्थ निघतो.

डिचोलीकर बाय: मी दोन्ही आकडे वहीत मांडते, आणि तिसराही. 22 रुपयांच्या या पुटचा डेल्टा, म्हणजे शेअर एक रुपया हलला की पुट किती हलतो ते प्रमाण, 0.35 च्या आसपास आहे असे धरले, तर आज तो 175 शेअर विकल्यासारखा हलतो. भाव एक टक्का, म्हणजे सव्वाचौदा रुपये खाली आला, तर पुट साधारण 5 रुपयांनी वाढतो आणि लॉटवर जवळपास 2,500 रुपये मिळतात. भाव तेवढाच वर गेला तर थोडे कमी जातात. आजचा खरा भार अडीच लाखांच्या शेअरएवढा आहे, ना अकरा हजारांचा, ना सात लाखांचा. भाव 1,380 ला आला की डेल्टा वाढतो, आणि भार सात लाखांच्या दिशेने सरकू लागतो.

धागाकर्ता: मग एका सौद्यात भांडवलाचा किती हिस्सा घालावा, हे कोणत्या आकड्यावरून ठरवू?

फोंडेकर: प्रीमियमवरून, आणि एक्स्पायरीआधी बाहेर पडायची तारीख ठरवून.

डिचोलीकर बाय: मी डेल्टावरून ठरवते. शेवटच्या चार दिवसांत मात्र सात लाखांवरूनच.