मदत हवी आहे: मिक्सरच्या पुस्तिकेत इशारा दोनदा छापावा का?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यासाठी मिक्सरची माहितीपुस्तिका मराठीत लिहितोय (कन्नड दुसरे एकजण बघतात). आधी सुरक्षेचे इशारे, मग भागांची ओळख, वापर, सफाई आणि शेवटी बिघाड, हा क्रम ठरलाय.

बिघाडाच्या पानावर मी 'ओव्हरलोड स्विच पडणे' असं शीर्षक दिलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय पडलंय ते मला कसं कळणार रे? वाटता वाटता मिक्सर बंद पडला, एवढंच दिसतं." पटलं. आता शीर्षक 'मिक्सर मध्येच बंद पडला' असं केलंय. खाली पायऱ्या: बटण शून्यावर आणा, प्लग काढा, भांडं उतरवून वाटण कमी करा, मोटर गार होऊ द्या, मग तळाचं लाल बटण दाबा.

अडलंय ते इथे. प्लग तसाच राहिला आणि बटणही चालूवर असेल, तर लाल बटण दाबताच मोटर फिरते. हा इशारा पहिल्या पानावर आहे, पण मिक्सर उलटा धरलेला माणूस पहिलं पान कशाला उघडेल? म्हणून तो लाल बटणाच्या पायरीआधी पुन्हा हवा, असं माझं मत. मालक म्हणतात, एकच गोष्ट दोनदा नको, पानं वाढतात.

अशा पुस्तिका लिहिलेलं कुणी आहे का? तुम्ही इशारा कुठे घालता?