परिपाठातलं प्रोजेक्टचं भाषण

"सोमवारी परिपाठात पुढच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर बोलायचंय, मुलांनी वेगळ्या आयडिया द्याव्यात म्हणून काय सांगू?"

मॅडम, 'वेगळा विचार करा' म्हटलं की ज्वालामुखीच येतो, मी दोन वर्षं तेच केलं. मग एकदा भाषण सुरू करायच्या आधी गळक्या नळाखाली ग्लास ठेवला आणि पाच मिनिटांनी ते पाणी सगळ्यांसमोर इंजेक्शनच्या सिरिंजने मोजलं, 15 मिली भरलं, म्हणजे तासाला 180 आणि दिवसाला 4 लिटरच्या वर, हा हिशोब मुलांनीच ओरडून केला! तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, सर रात्री टाकी भरलेली असते तेव्हा जास्त गळत असेल ना? मी म्हटलं हाच तुझा प्रोजेक्ट, सकाळ दुपार संध्याकाळ मोज. फक्त थेंब मोजायला लावू नका, प्रत्येक नळाचा थेंब लहानमोठा असतो, पाणीच मोजायचं.

आणि मुलांकडून आयडिया चिठ्ठीवर लिहून घ्याल तेव्हा विषय नको, प्रश्न मागा, कारण 'पाणी प्रदूषण' लिहिलं की पोरं सरळ चार्ट विकत आणतात. खाली एक ओळ, 'मी काय मोजणार'. ती रिकामी असली तर चिठ्ठी परत देऊन त्या मुलाशी दोन मिनिटं बोला, बहुतेक वेळा खरा प्रश्न तेव्हाच बाहेर येतो.