रविवारच्या प्रेझेंटेशनला काय विचारायचं?

ए-१०१ (सेक्रेटरी): रविवारी बस-मेट्रोच्या प्लॅनिंगचं प्रेझेंटेशन आहे. प्रश्न आजच टाका. नुसतं बस वाढवा लिहू नका, हो हो म्हणतात नि पुढची स्लाइड लावतात.

डी-२०४: माझा कव्हरेजबद्दल. नकाशावर मेट्रो स्टेशनभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढतात आणि आतले सगळे कव्हर झाले म्हणतात. पण आपल्याला हायवे ओलांडायचा असतो, ब्रिजपर्यंत उलटं चालायचं, चढायचं, उतरायचं. हिचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी ते स्टेशन नसल्यासारखंच.

सी-७०३: बरोबर काका. विचारा की अंतर सरळ रेषेत मोजलं की चालायच्या रस्त्याने. मी हेच काम करतो म्हणून सांगतो, खरा मुद्दा पुढेच आहे. समजा मेट्रो स्टेशनला जोडणाऱ्या फीडरला ८ बस मिळाल्या आणि एक फेरी जाऊन-येऊन ४० मिनिटांची. सगळ्या एकाच रूटवर टाकल्या तर दर ५ मिनिटाला बस. ४ रूट केले तर प्रत्येकाला २ बस, म्हणजे २० मिनिटाला एक. खर्च जवळपास तोच, कारण भाड्याच्या बसचे पैसे किलोमीटरवर जातात, बस भरली काय नि रिकामी काय.

डी-२०४: पण ४ रूट झाले तर बस गेटपाशी येईल ना?

सी-७०३: येईल, पण स्टेशनवर उतरून २० मिनिटं कोण थांबतं? शेअर रिक्षा ३ माणसं बसली की सुटते. मग बस रिकामी धावते आणि वर्षभराने प्रवासी नाहीत म्हणून रूट बंद. म्हणून विचारायचं की ८ पैकी किती बस गर्दीसाठी आणि किती दारापर्यंत पोचायला, हे आधी ठरवलंय का? माझं मत ६ मेन रोडला, २ आतल्या रस्त्यांना, आणि त्या दोघींची वेळ स्टॉपवर लिहिलेली. मग काकू वेळ बघून निघतील.

बी-४०२: माझाही घ्या. सर्व्हे सकाळी ८ ते १० मध्येच का करतात? मी साडेबाराला मुलीला शाळेतून घेते, तिथून भाजी, मग आईकडे, मग क्लास. चार छोट्या फेऱ्या आणि प्रत्येक वेळी नवीन तिकीट. मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी भाडं ५ चं १० झालं, दोन किलोमीटरलाही तेच, त्यामुळे आम्ही दोघी बरेचदा चालतच जातो. त्यांच्या कागदावर आम्ही प्रवासीच नाही.

सी-७०३: वहिनी हा सगळ्यात महत्त्वाचा. त्यात जोडा, एका तिकिटावर तासाभरात बस बदलता येईल का आणि त्याचा खर्च काढलाय का.

ए-१०१: दुपारच्या फेऱ्यांचा पहिला घेतो. वहिनी, तिथे तुम्हीच बोला, मी वाचून दाखवण्यात अर्थ नाही.

बी-४०२: रविवारी किती वाजता? ११ च्या आत असेल तर येते.