डोळे झाकून ऐका म्हणे!

पर्वरीकर
गोव्याच्या इतिहासावरचा तो मराठी चॅनल अजून लावला नसेल तर आजच लावा. सुरुवात 1967 च्या जनमत कौलाच्या भागापासून करा, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा त्या. अभ्यास तगडा, आवाज रेडिओवाल्यासारखा, 1 तास 52 मिनिटं कशी गेली कळत नाही. नवीन माणसाने डोळे झाकून ऐकावा असा.

साखळीकर
डोळे झाकले तरी कान उघडेच असतात ना हो? मी तो भाग दोनदा ऐकला. पहिल्यांदा पणजीला जाताना बसमध्ये, दुसऱ्यांदा घरी वही घेऊन, कारण पहिल्या खेपेला काहीतरी खुपलं होतं आणि नेमकं काय ते सापडत नव्हतं.

विषय सुरू होतो 11व्या मिनिटाला. तोवर 'नमस्कार मित्रांनो', मग गेल्या भागावरच्या कौतुकाच्या प्रतिक्रिया वाचून दाखवणं, मग काजूवाल्याची जाहिरात, आणि मग पुढे काय सांगणार याचा सगळा गोषवारा. माझी बस डिचोलीला पोचत आली तरी 1967 साल उजाडलं नव्हतं. वीस मिनिटांचा मजकूर आहे, बाकी सगळं पाणी.

37व्या मिनिटाला तो मतांचे आकडे वाचतो, आणि अगदी बरोबर वाचतो. वेगळं राहायचं त्या दोन पानांना 1,72,191, महाराष्ट्रात जायचं त्या फुलाला 1,38,170. छान. 41व्या मिनिटाला हाच गृहस्थ म्हणतो, 'दोन तृतीयांश गोंयकारांनी विलीनीकरण झिडकारलं.' अरे बाबा, चार मिनिटांपूर्वी तूच वाचलंस ना? बेरीज होते 3,10,361. त्यात दोन पानं शंभरातली साडेपंचावन्न. फरक 34,021 चा. म्हणजे सतरा हजार अकरा माणसांनी शिक्का दुसऱ्या चित्रावर मारला असता तर निकाल उलटा लागला असता. एवढ्याशा फरकाला 'झिडकारलं' म्हणायचं?

शेवट तर ऐकाच. 'आणि जनतेने भाऊसाहेबांना घरी बसवलं.' त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, विलीनीकरणवाली मगो पुन्हा सत्तेत आली आणि तेच भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. तीच जनता, दोन महिन्यांचं अंतर. या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत तीच आहे आणि हा तिथेच भाग संपवतो, वर सतार.

पर्वरीकर
वही घेऊन पॉडकास्ट ऐकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. परीक्षा होती का, सायबा?
दोन तृतीयांश चुकलं, मान्य. हार घालू? माझी मुलगी बारावीत आहे. तिने हा भाग ऐकला आणि रात्री जेवताना विचारलं, 'पप्पा, आपल्या घरात फूल कोण होतं आणि पानं कोण?' इतकी वर्षं हा विषय आमच्या घरात कोणी काढला नव्हता. तुमच्या साडेपंचावन्न टक्क्यांनी ते झालं नसतं. नवख्या माणसाला उपयोग म्हणजे आणखी काय असतो?

वेर्ण्याची रात्रपाळी
लांबीबद्दल रडणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर गेटवर बसावं. रात्री बारा ते चार एकसुद्धा गाडी येत नाही. मला दोन तासांचे भागच हवेत. वीस मिनिटांचे लावले तर दर वीस मिनिटांनी फोन बाहेर काढायचा, आणि नेमका तेव्हाच सुपरवायझर येतो.
माझी तक्रार वेगळी. त्याचा आवाज इतका हळू की मी फोन पूर्ण वाढवून ठेवतो, आणि मध्येच काजूवाला कानात ओरडतो. परवा खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. यूट्यूब सगळं आपोआप सारखं करतं असं ऐकलं होतं, मग हे काय?

म्हापशाचा साउंडवाला
अर्धंच ऐकलंत. `Stable volume` बंद असेल तर यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, हळू असलेला वर उचलत नाही. शिवाय ते पूर्ण व्हिडिओचं एकच माप काढतं. काजूवाला त्याच व्हिडिओत चिकटवलेला आहे, म्हणून तो या माणसापेक्षा जितका मोठा तितकाच राहणार. दोघांना एका पातळीवर आणायचं काम एडिट करणाऱ्याचं, आणि ते त्याने केलेलं नाही. कम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून `Stats for nerds` उघडा, तिथे `content loudness` दिसेल. या भागाचा आकडा शून्याच्या बराच खाली आहे, म्हणजे आख्खा भागच हळू. रेडिओसारखा आवाज म्हणणाऱ्यांचा रेडिओ कुठला ते सांगा, मी दुरुस्त करून देतो.

फोंड्याची वहिनी
हा चॅनल देवळांवर पण करतो का? मला सासूबाईंसाठी मंगेशी, शांतादुर्गा असं काही हवं होतं. जनमत कौल लावून दिला तर त्या अशा सुरू झाल्या की दुपारचं जेवण राहिलं. त्यांच्या घरात सासऱ्यांचं दोन पानं आणि दिराचं फूल. दिराने पडवीच्या भिंतीवर गेरूने हे मोठं फूल काढलं, सासऱ्यांनी रातोरात चुना फासला, सकाळी पुन्हा फूल. दिवाळीला म्हणे दोघांनी वेगवेगळे फोव केले. सासूबाईंनी कुणाला मत दिलं ते अजून सांगत नाहीत, विचारलं की हसतात.
पण 58व्या मिनिटाला ती सत्तरी तालुक्यातली आजी बोलते ना, तिला तो पुरतं बोलूच देत नाही, त्याचा मला राग आला. ती म्हणते, 'हांवें फुलार शिक्को मारलो आनी...' आणि हा मध्येच, 'म्हणजे आजी म्हणताहेत की'. त्या 'आनी'च्या पुढे काय होतं ते कधीच कळलं नाही.

मडगांवकार
हेंच म्हाका सांगपाचें आसलें. आजी कोंकणींत उलयता, आमकां समजता. पुण्याच्या लोकांक समजना जाल्यार सकयल अक्षरां घालचीं. तिच्या तोंडार हात कित्याक?
मराठीत लिहितो, नाहीतर म्हणाल कळलं नाही. हा चॅनल गोव्याचा नाही, गोव्यावरचा आहे. 'पणजीम' म्हणणारा माणूस आम्हाला आमचा इतिहास शिकवणार?

पेडणेकर
झालं, आली गाडी रुळावर. चॅनल मराठी आहे, मराठीत बोलणारच. पेडण्यात आम्ही घरात बोलतो ते वेगळं, पण कीर्तन, नाटक, वर्तमानपत्र, पोथी सगळं मराठी. 1987 च्या राजभाषा कायद्यातसुद्धा मराठी आहे, वाचा जरा.

मडगांवकार
वाचलाय. राजभाषा देवनागरीतली कोकणी. मराठीचा सरकारी कामाला 'वापर करता येईल' असं आहे. करता येईल आणि आहे यात फरक असतो, पोथीत नसेल दिला.

पेडणेकर
पोथीवर येऊ नका हां. पोर्तुगीज अमलात आमच्या गावात मराठी शाळा लोकांनी पदरमोड करून चालवल्या. माझ्या आज्याने त्यासाठी गाय विकली. तुम्ही तेव्हा काय विकलंत?

मडगांवकार
आम्ही काही विकत नाही. त्या काजूवाल्याला विचारा.

फोंड्याची वहिनी
अहो, मी आजीचं सांगत होते. तुम्हीपण तिला बोलू देत नाही आहात.

जुना दफ्तरी
सरकारी कागदांत नोकरी गेली म्हणून दोन शब्द, मग भांडा.

साखळीकर, तुमचा हिशेब चोख आहे पण 'वीस मिनिटांचा मजकूर' हे बरोबर नाही. 44 ते 56 हा तुकडा मी तरुणांना मुद्दाम ऐकवेन. कौल नि:पक्षपाती व्हायचा तर विलीनीकरणवाल्यांचं सरकार खुर्चीवर नको, अशी विलीनीकरणाच्या विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षाची मागणी होती. डिसेंबर 1966 मध्ये बांदोडकर पायउतार झाले आणि 16 जानेवारीला लोकांनी राष्ट्रपती राजवटीत मत दिलं. हे त्याने नीट, न घाईने सांगितलं आहे. कौलासाठी संसदेने 1966 मध्ये वेगळा कायदा केला, आणि दमण-दीवला प्रश्न गुजरातचा विचारला होता, तेही सांगतो. सहसा कोणी सांगत नाही.

पण मला दोन तृतीयांशापेक्षा मोठी चूक वाटते ती 64व्या मिनिटाची, आणि ती तुमच्या वहीत आली नाही. तो म्हणतो, 'हिंदूंनी फुलाला दिलं, ख्रिस्तींनी पानांना, इतकं सरळ होतं.' मतपेटी गुप्त होती, कुणी कुणाला दिलं याचा कागद असू शकत नाही. आणि त्याचेच आकडे घ्या. त्या काळी गोव्यात ख्रिस्ती लोक दहांत चारही नव्हते. एकजात सगळ्यांनी पानांवर शिक्का मारला असं धरलं तरी चाळिशी गाठत नाही. पानं पडली साडेपंचावन्न. वरची पंधरा-सोळा कुणाच्या घरातून आली? वहिनींच्या सासऱ्यांसारख्यांच्या.

पाहुणा चॅनल तपासायचा तर मी हेच करतो. त्याच्याकडे आकडे आहेत का हे बघत नाही, आकडा वाचल्यावर त्याची गोष्ट बदलते का ते बघतो. याने 37ला आकडा वाचला आणि 64ला तो विसरून गावगप्पा सांगितली. खाली संदर्भांच्या बारा लिंका दिल्या आहेत, त्यांतल्या नऊ बातम्यांच्या आहेत आणि त्या एकमेकींवरून उतरवलेल्या दिसतात. बारा दिसतात, पण साक्षीदार तीन-चारच.

साखळीकर
64 माझ्या नजरेतून सुटलं, खरं आहे. तोवर बस पणजीला पोचली होती आणि घरी मी चिडून पुढे ढकललं. वीस मिनिटं मागे घेतो, बत्तीस म्हणा.

पर्वरीकर
बत्तीस! लिलाव चाललाय का? बरं, 'डोळे झाकून' काढतो पोस्टमधून. पण मुलीला मी हाच भाग ऐकवणार. फक्त 64ला थांबवून दफ्तरीबाबांचं गणित तिलाच करायला लावीन.

वेर्ण्याची रात्रपाळी
काजूवाला कितव्या मिनिटाला आहे तेवढं कोणी सांगा. आज रात्री पुन्हा लावणार आहे.

म्हापशाचा साउंडवाला
व्हिडिओखाली प्रतिक्रियेत हे टाकलंय, वेळेवर बोट लावलं की तिथे उडी जाते. चॅनलवाल्याने स्वतः वर्णनात टाकलं तर पट्टीवर तुकडे पडतील, फक्त पहिली ओळ 0:00 ची हवी आणि निदान तीन ओळी हव्यात.

```
0:00 नमस्कार मित्रांनो
7:40 काजू (आवाज कमी करा)
11:05 विषय इथे सुरू
37:10 मतांचे आकडे
44:00 राजीनामा ते 16 जानेवारी
1:04:20 दफ्तरींचं गणित इथे करा
1:21:30 पुन्हा काजू
```

फोंड्याची वहिनी
58:10 ची आजी कुठे आहे यात?

मडगांवकार
पळे! हांगाय तिका वगळ्ळी.